दोन मिनिटांचा रंग, पंचवीस मिनिटांचा घोळ

मे महिना, लग्नसराई, आणि इंदूरचं ऊन म्हणजे सकाळी दहालाच रामबागेतल्या माझ्या पार्लरचा कूलर हात टेकतो. त्या दिवशी पहिली अपॉइंटमेंट साडेदहाची होती, पण दहालाच एक सूनबाई सासूला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. काकूंनी पदर कपाळापर्यंत ओढलेला, उजवा डोळा मिटलेला.

"ताई, आईंनी घरी आयब्रो काळ्या केल्या. रविवारी पुतणीचं लग्न आहे."

पदर सरकवला आणि मला कळलं की आयब्रो नंतर, आधी डोळा. कपाळावर जणू दोन काळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यात केस कुठला आणि कातडी कुठली हे कळत नव्हतं. पण उजवा डोळा लाल, पाणी वाहतंय आणि काकू तो सतत चोळतायत.

पहिलं काम त्यांचा हात धरण्याचं. मग बेसिनजवळ बसवलं, डोकं उजवीकडे कलतं केलं. ज्या डोळ्यात रंग गेलाय तो खालच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जातं. पापणी दोन बोटांनी उचलून धरली आणि पिण्याच्या स्वच्छ साध्या पाण्याची बारीक धार नाकाकडून कानाकडे सोडत राहिले, घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं. काकू मधेच म्हणाल्या, "झालं गं, आता बरं वाटतंय." बरं वाटायला दोन मिनिटं पुरतात, पण केसांच्या रंगात पेरॉक्साइड आणि बहुतेक वेळा अमोनिया असतो. अमोनियासारखी अल्कली डोळ्यात आत शिरत जाते, म्हणून थांबायचं नसतं. गुलाबपाणी, घरातले जुने थेंब असलं काही घालू दिलं नाही. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांना रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावरची वरची पातळ कातडी थोडी खरवडल्यासारखी झाली होती. औषधाचे थेंब दिले, चौथ्या दिवशी डोळा साफ झाला. काकू नशीबवान.

झालं काय होतं, ते दुपारी सूनबाईंकडून समजलं. काकूंकडे डोक्याला लावून उरलेला 'नॅचरल ब्लॅक' होता. पॅकेटवर पंचवीस मिनिटं लिहिलंय म्हणून त्यांनी आयब्रोही पंचवीस मिनिटं ठेवल्या. लावताना डोळ्यात थेंबसुद्धा गेला नाही. नंतर बेसिनवर वाकून, सकाळी तोंड धुतो तसं, ओंजळीनं पाण्याचे चार सपके मारले. सगळा रंग पातळ होऊन थेट पापण्यांखाली उतरला. माझ्या अनुभवात लावताना फार कमी बिघडतं, काढताना बिघडतं. किंवा घामानं, आणि मे महिन्यात घाम कुणाला चुकलाय?

मी ते रिकामं पॅकेट मागवून घेतलं. मागे इंग्रजी आणि हिंदीत स्पष्ट छापलं होतं: भुवया किंवा पापण्या रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकतं. पीपीडी हे गडद रंग देणारं रसायन असलेल्या रंगाच्या खोक्यावर हा इशारा छापणं आपल्याकडे कायद्यानंच बंधनकारक आहे. ही काही पोकळ धमकी नव्हे. 1933 साली अमेरिकेत पापण्या रंगवण्याच्या एका उत्पादनानं बायकांची दृष्टी गेली, एक मेलीसुद्धा. तिथल्या 1938 च्या सौंदर्यप्रसाधन कायद्यामागे ते प्रकरण होतं. पण पॅकेटची मागची बाजू वाचतो कोण?

आता त्या काळ्या पट्ट्यांचं काय? कातडीवरचा डाग तीन-चार दिवसांत आपोआप फिका होतो, केसांवरचा रंग मात्र काही आठवडे राहतो. त्याला ब्लीच करून उतरवा असं सूनबाई म्हणाल्या. दुखऱ्या डोळ्याच्या वर पुन्हा पेरॉक्साइड? मी साफ नाही म्हटलं. रविवारी डॉक्टरांना विचारून केसांवर राखाडी-तपकिरी आयब्रो जेल लावलं, तेवढं काळेपण दबलं. फोटोत काकू ठीक दिसल्या, जरा रागावलेल्या दिसल्या एवढंच.

कारण शेडच चुकली होती. काकूंचं डोकं मेंदी आणि रंग मिळून आता गडद तपकिरी दिसतं, आणि आयब्रो निम्म्या पांढऱ्या. गडद केसांच्या बाईच्या आयब्रो केसांपेक्षा एक-दोन छटा फिक्या हव्यात, म्हणजे काळ्या केसांनाही गडद तपकिरी. पांढऱ्या किंवा फिक्या केसांच्या बाईला उलट, एक-दोन छटा गडद. आणि केस बघायचे ते आज डोक्यावर दिसतात ते, खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. मेंदीची लाली केसांत असली तरी आयब्रोसाठी मी लालसर शेड घेत नाही, पांढऱ्या केसांवर ती वीटकरी उठते.

ऑगस्टमध्ये काकू पुन्हा आल्या, या वेळी विचारायला. घरीच करायचं, पण नीट. मी म्हटलं, आयब्रोसाठी म्हणूनच विकला जाणारा टिंट आणा, सोबतचं डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, 3 टक्क्यांचं, आणि माझ्यासमोर सूनबाई करतील. तयार मिश्रणाचा एक टिपका कानामागे लावून 48 तास बघितलं. खाज नाही, लाली नाही. पूर्वी रंग लावून काही झालं नाही म्हणून ही चाचणी टाळू नये, पीपीडीसारख्या रंगांची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उभी राहते. थ्रेडिंग आदल्या दिवशी केलं असतं तर मी परत पाठवलं असतं. तोडलेल्या केसांची भोकं उघडी असतात.

काकूंना पाठीवर रेलून, डोळे मिटून बसवलं. भुवईखाली आणि पापणीवर व्हॅसलीनची जाड रेघ ओढली, केसांना मात्र स्पर्श नाही, नाहीतर रंग धरत नाही. मध्यम तपकिरी टिंट एक सेंटिमीटर, डेव्हलपरचे पाच थेंब. सूनबाईंनी सहावा टाकायला हात उचलला तो मी अडवला. ब्रश उलटा धरला तर मिश्रण टपकता कामा नये, हेच माप.

लावायला सुरुवात शेपटीकडून, मग कमान, नाकाजवळचं टोक सगळ्यात शेवटी. तिथे गडद झालं की माणूस चिडका दिसतो. दोन मिनिटांनी ओल्या कापसानं शेपटीचे चार केस पुसून बघितले. फिकं होतं. पांढरे केस हट्टी असतात, म्हणून परत लावून आणखी दोन मिनिटं, मग एक. काढताना आधी कोरडा कापूस, मग पिळून घेतलेला ओला, नाकाकडून कानाकडे, दर खेपेला नवा बोळा. पाचवा बोळा पांढरा निघाला तेव्हा डोळे उघडू दिले.

काकूंनी आरसा हातात घेतला, बराच वेळ बघितलं.

"लावलंय का काही?"

सूनबाई हसायला लागल्या. काकू मात्र आरसा खिडकीकडे वळवून पुन्हा बघत होत्या, आणि उरलेलं मिश्रण डबीत भरून ठेवू का म्हणून मला विचारत होत्या. ते मी त्यांच्यासमोर सिंकमध्ये ओतलं.