आमची वाटचाल: बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असतो असं नाही

इंदूरच्या दवा बाजारातल्या आणि सियागंजमधल्या होलसेल पेढ्यांना आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देतो. आधी एकरकमी विक्री आणि वर्षाला एएमसी असा व्यवहार होता, आता सगळं वर्गणीवर आहे. एकरकमी विक्रीत महिन्याची बिलं मोजली की काम भागायचं. वर्गणीत तसं चालत नाही, कारण या महिन्याच्या उत्पन्नातला बराचसा भाग मागच्याच महिन्यातून चालत आलेला असतो. महिन्याला वर्गणीतून येणारं हे ठरलेलं उत्पन्न म्हणजे एमआरआर. ते एका महिन्यात कशानं वाढलं, कशानं घटलं हे दाखवणारा एमआरआर ब्रिज आम्ही दर महिन्याला काढतो: महिन्याची सुरुवात, नवे ग्राहक, जुन्यांची वाढ, जुन्यांची घट, गेलेले ग्राहक आणि अखेर.

एमआरआरमध्ये काय धरायचं, हे आधी पक्कं करावं लागतं. वार्षिक वर्गणी ३६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४२,४८० रुपये बँकेत जमा झाले, तर एमआरआर ३,००० होतो, ३,५४० नाही. कर आपला नव्हेच. 'वर्षाच्या पैशात दोन महिने फुकट' अशी दिवाळीची स्कीम दिली असेल, तर ३६,००० ला १४ ने भागायचं, म्हणजे २,५७१. इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, जुना डेटा आणून देण्याचे पैसे यातलं काहीही एमआरआरमध्ये येत नाही. सेल्सवाल्यांना हे आवडत नाही, पण ती रक्कम पुढच्या महिन्यात परत येणार नसते.

शीटमध्ये एका ओळीत एक ग्राहक. A मध्ये ग्राहक कोड, B मध्ये मागच्या महिन्याचा एमआरआर, C मध्ये या महिन्याचा. पुढच्या चार कॉलमांत अनुक्रमे नवे, वाढ, घट आणि गेलेले:

```
D2: =IF(AND(B2=0,C2>0),C2,0)
E2: =IF(AND(B2>0,C2>B2),C2-B2,0)
F2: =IF(AND(C2>0,C2<B2),C2-B2,0)
G2: =IF(AND(B2>0,C2=0),-B2,0)
```

एका ग्राहकाची एका महिन्यातली हालचाल एकाच कप्प्यात पडते. पेढीनं एक गोदाम जोडलं आणि दोन युजर काढले, तर दोन्हींची वजावट होऊन जो फरक उरेल तोच वाढ किंवा घट. C ची बेरीज वजा B ची बेरीज ही D ते G च्या बेरजेइतकी आली पाहिजे. बहुतेक जण इथे थांबतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. हा ताळा कायमच जुळतो, ग्राहक चुकीच्या कप्प्यात पडला असला तरीही.

आमच्या एका एप्रिलचं उदाहरण घेऊ, आकडे गोल केले आहेत. सुरुवात ४,८०,०००. नवे २७,०००, वाढ १८,५००, घट ६,०००, गेलेले २२,०००. अखेर ४,९७,५००. निव्वळ वाढ १७,५००, ताळा चोख. पण घट आणि गेलेले मिळून २८,०००, म्हणजे सुरुवातीच्या ५.८ टक्के एका महिन्यात गळाले. एवढी गळती दिसली की आधी गेलेल्यांची यादी आणि नव्यांची यादी शेजारी ठेवून पाहावी. पत्ता, मोबाइल नंबर, ड्रग लायसन्सवरचं दुकान, यातलं काही सारखं निघतं का?

इथे निघालं. वडिलांची प्रोप्रायटरी पेढी मुलगा आत आल्यावर भागीदारी झाली होती. भागीदारी झाली की पॅन बदलतो, पॅन बदलला की जीएसटी नंबरही नवा येतो. ग्राहकाची ओळख जीएसटी नंबरावर ठेवली असेल तर शीटला एक पेढी बंद पडलेली दिसते आणि दुसरी नवी उघडलेली. प्रत्यक्षात दुकान तेच, गादीवर बसणारे तेच, फक्त ६,००० ची वर्गणी ७,५०० झाली. दुरुस्तीनंतर नवे १९,५००, वाढ २०,०००, घट ६,०००, गेलेले १६,०००. अखेर तेच ४,९७,५००, पण गळती ४.६ टक्क्यांवर आली. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला असे बदल जास्त होतात, म्हणून एप्रिलचा ब्रिज दोनदा तपासायचा. कायमचा उपाय म्हणजे आपला स्वतःचा ग्राहक कोड, जो पेढीच्या कागदपत्रांबरोबर बदलत नाही. जीएसटी नंबर त्याच्यापुढे फक्त नोंद म्हणून.

असाच दुसरा खोटा धक्का उशिरा होणाऱ्या रिन्युअलचा. होलसेलवाला मुदत संपली म्हणून त्याच दिवशी पैसे देत नाही. 'पुढच्या हप्त्यात माणूस पाठवा' हे नेहमीचं. त्याला लगेच 'गेलेला' धरलं तर मेमध्ये तो 'नवा' म्हणून परत येतो आणि दोन्ही महिन्यांचे आकडे फुगतात. आम्ही ३० दिवस थांबतो; तोवर सॉफ्टवेअर चालू असेल तर एमआरआरही चालू. त्यापलीकडे गेला तर 'गेलेला', आणि पुढे कधी आला तर 'परत आलेला' या वेगळ्या कप्प्यात. त्याला नव्यांत मिसळलं की नवे ग्राहक मिळवायला किती खर्च आला हे गणित बिघडतं.

हा ब्रिज आम्ही वॉटरफॉल चार्टवर दाखवतो, ज्यात प्रत्येक हालचालीचा बार आधीच्या पातळीपासून चढतो किंवा उतरतो. हा चार्ट एक्सेल २०१६ पासून तयार मिळतो: Insert मध्ये Waterfall. सुरुवात, चार हालचाली, अखेर असे सहा आकडे निवडायचे. घट आणि गेलेले उणे चिन्हासह. मग अखेरच्या बारवर राइट क्लिक करून Set as total. हे राहिलं की अखेरचा बार आधीच्या उंचीवर चढतो आणि आपला एमआरआर जवळपास दहा लाख दिसू लागतो. जुन्या एक्सेलमध्ये स्टॅक्ड कॉलम घेऊन खालचा भाग रंगहीन करावा लागतो. त्यात हमखास चुकतं ते उतरत्या बारचं बूड: 'गेलेले'साठी ते ५,१३,५०० नव्हे, ४,९७,५००, कारण बूड म्हणजे उतरल्यानंतरची पातळी.

अक्ष शून्यापासून ठेवला तर ४,८०,००० च्या शेजारी ६,००० चा बार रेघेसारखा दिसतो. आम्ही अक्ष ४,६०,००० पासून सुरू करतो आणि प्रत्येक बारवर आकडा लिहितो. मात्र तेव्हा दोन टोकांच्या बारांची उंची एकमेकांशी ताडून पाहायची नाही. अखेर सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट वाटते, खरी वाढ आहे ३.६ टक्के. भागीदाराला किंवा बँकेला दाखवताना हे तोंडी सांगण्यापेक्षा चार्टखाली लिहिलेलं बरं.

ब्रिज साफ झाला की 'गेलेले'चा बार फोडून पाहण्यात अर्थ असतो. त्या १६,००० पैकी ११,००० सहा महिन्यांच्या आत आलेल्या ग्राहकांचे होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचा सुरुवातीचा स्टॉक बॅच आणि एक्स्पायरीसकट कधी पूर्ण चढलाच नव्हता. औषधांच्या धंद्यात बॅच चढली नाही की पहिल्या एक्स्पायरी परतीच्या वेळी माणूस वहीकडे वळतो, आणि एकदा वळला की सहसा परत येत नाही. म्हणून आता 'नवे'च्या कप्प्यात नाव पडतं ते बिल फाटल्यावर नाही, सुरुवातीचा स्टॉक पूर्ण चढल्यावर. त्यामुळे नव्यांचा बार काही महिने बुटका दिसला. सेल्सची कुरकुर अजून चालू आहे.