पुरीमची एक दिवसाची रजा : माझा अनुभव

आधी कामाचं सांगते, मग कुरकुर करते. पुरीम या आमच्या ज्यूंच्या सणासाठी रजा हवी असेल तर अर्जात कारण म्हणून नुसतं ‘पुरीम’ लिहू नका. दिवसभरात कोणत्या वेळेला काय करायचं असतं ते लिहा आणि सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, लेटरहेडवर तारखेचं पत्र जोडा. मला ही अक्कल २०२२ साली आली, डोक्याचा पार भुगा झाल्यावर.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझं ऑफिस अंधेरीला. योम किपूरची रजा कधी अडली नाही, कारण दिवसभराचा उपास म्हटलं की कुणी वाद घालत नाही. पुरीमची अडली, आणि ती अडवली कॅलेंडरने.

त्या वर्षी पुरीम बुधवारी १६ मार्चला सूर्यास्तानंतर लागत होता आणि गुरुवारी १७ तारखेच्या सूर्यास्ताला संपत होता. शुक्रवारी १८ ला धुळवडीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. म्हणजे मी गुरुवार मागितला की आपोआप चार दिवस सलग. आमच्या मॅनेजरांनी अर्ज बघितला आणि हसून म्हणाले, “लाँग वीकेंड छान जमवलात.” मला वाटलं, विनोद करतायत. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला.

एचआरचा शेरा तर त्याहून भारी. माझ्या आदल्या वर्षीच्या नोंदीत याच कारणासाठी २६ फेब्रुवारीला रजा दिसत होती. तोच सण यंदा मार्चच्या मध्यावर कसा, याचा खुलासा करावा!

खुलासा केला. आमचे महिनेही चंद्राचे. वर्ष सूर्याशी जुळवून घ्यायला १९ वर्षांत ७ वेळा एक महिना जादा धरतात आणि तो नेहमी अदार हाच असतो. अशा वर्षी अदार दोनदा येतो आणि पुरीम दुसऱ्या अदारच्या १४ तारखेला होतो. २०२२ हे तसलं वर्ष होतं, २०२१ नव्हतं. आपल्या पंचांगात मात्र अधिक महिना २०२० च्या आश्विनात येऊन गेला होता, म्हणून २०२१ ची होळी मार्चअखेरीला गेली आणि आमचा पुरीम फेब्रुवारीतच राहिला. एरवी दोन्ही सण जवळजवळ एकाच पौर्णिमेला येतात. आमच्यातली जुनी माणसं पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणायची. हे वाक्य मी खुलाशात घातलं ते फारच महागात पडलं. उत्तर आलं की होळीची सुट्टी सर्वांना दिलेलीच आहे.

दरम्यान मॅनेजरांनी इंटरनेटवर वाचलं की पुरीमला काम करायला धार्मिक मनाई नाही. आणि हे खरं आहे! शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, किंवा योम किपूरला काम वर्ज्य असतं, पुरीमला नसतं. खोटं कसं बोलणार? “मग ऑफिसला यायला हरकत काय?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मला लगेच नीट उत्तर देता आलं नाही. राग आला की मला तर्क सुचत नाही.

उत्तर सुचवलं सुहासने, तेही स्वतःच्या काळजीपोटी. माझी गुरुवारची शिफ्ट त्याच्या गळ्यात पडणार होती, म्हणून त्याला प्रत्येक तासाचा हिशोब हवा होता. कँटीनमध्ये समोर बसून म्हणाला, “पोथीवाचन बुधवारी रात्री आहे ना? मग गुरुवारी सकाळी ये की.”

“सकाळी पुन्हा वाचायची असते.”

“तीच?”

तीच. मेगिला म्हणजे एस्तेरचं पुस्तक, चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. ती रात्री एकदा आणि दिवसा एकदा पूर्ण ऐकायची. अध्याय दहाच आहेत, पाऊण तासात आटोपतं, पण शब्दन् शब्द कानावर पडला पाहिजे. एखादा शब्द गोंगाटात हुकला तर हातातल्या पुस्तकातून तो आपण पटकन वाचून घ्यायचा. गोंगाट होतोच, कारण दुष्ट वजीर हामानाचं नाव आलं की मुलं खुळखुळे फिरवतात, पाय आपटतात, आणि ते नाव पन्नासहून जास्त वेळा येतं. वाचन करणारा हजान शांतता होईपर्यंत थांबतो. हामानाच्या दहा मुलांची नावं मात्र तो एका दमात म्हणतो. सुहासला वाटलं होतं, मी मागच्या बाकावर बसून मोबाईल बघत असेन.

मग त्याने गोष्ट विचारली. पहिल्याच ओळीत राजा अहश्वेरोशाचं राज्य हिंदुस्थानापासून कूशपर्यंत, एकशे सत्तावीस प्रांतांवर होतं असं येतं, हे ऐकून तो एकदम सावरून बसला. राजाची राणी एस्तेर ज्यू असते आणि तिने ते लपवलेलं असतं. हामान सगळ्या ज्यूंना एका दिवसात मारायचा हुकूम काढतो, त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दिवस ठरवतो. एस्तेर जिवावर उदार होऊन राजासमोर जाते आणि डाव उलटतो. संपूर्ण पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. लपलेली राणी, लपलेला देव, म्हणून वेषांतर, असं आमच्याकडे सांगतात. वेष घेणं ही नुसती हौस आहे, कर्तव्य नाही. मुलं एस्तेर होतात, तिचा चुलतभाऊ मर्दखय होतात, आमच्या शेजारचा मुलगा एका वर्षी शिवाजी महाराज होऊन आला होता. रजेच्या अर्जात वेषांतराचा उल्लेख करू नका. तो वाचून कुणीही फॅन्सी ड्रेसच समजेल.

“बरं, दोन वाचनं झाली. सकाळी दहाला मोकळी झालीस. मग?”

मग खरा दिवस सुरू होतो. खाऊ पाठवणं, गरिबांना देणं आणि जेवण ही तिन्ही कामं दिवसाउजेडीच करायची, सूर्य मावळल्यावर केलेली धरत नाहीत. खाऊचा नियम असा की किमान एका माणसाला दोन पदार्थ, लगेच तोंडात टाकता येतील असे. दोन करंज्या म्हणजे एकच पदार्थ. करंजी आणि केळं म्हणजे दोन. रवा आणि साखर दिलीत तर ते वाणसामान झालं. आमच्या घरी करंज्यांत ओलं खोबरं आणि गूळ असतो आणि तळण तेलात, तुपात नाही, कारण आम्ही दूध आणि मांस एका जेवणात घेत नाही. डबा मटणाच्या जेवणाच्या ताटावर उघडला तरी चालला पाहिजे.

सुहासने लगेच विचारलं, “म्हणजे दर वर्षी मला आणतेस तो डबा याच हिशोबात?”

इथे मी अडखळले. नियमाप्रमाणे तो डबा ज्यू माणसाला गेला तरच कर्तव्य पुरं होतं. तसं त्याला सांगितलं. त्याचा डबा वेगळा, प्रेमाचा, पण माझ्या यादीतली खूण त्याने होत नाही. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “तर मग माझ्या डब्याला संध्याकाळपर्यंतची मुदतही नाही. शुक्रवारनंतर आणलास तरी चालेल.” व्यवहारी माणूस.

दानाचा नियम अजून नेमका आहे. किमान दोन गरजूंना, प्रत्येकाला एक. रक्कम थोडी असली तरी चालते, पण एका जेवणाइतकी तरी असावी, आणि ती त्याच दिवशी त्यांच्या हातात पडली पाहिजे. सिनेगॉगमध्ये विश्वासाच्या माणसाकडे आधी पैसे देऊन ठेवता येतात, मात्र वाटप त्या दिवशीच. मैमोनिडीज या मोठ्या धर्मशास्त्र्याने बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय की स्वतःच्या मेजवानीवर आणि खाऊवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांना जास्त द्यावं. आणि त्या दिवशी जो हात पुढे करेल त्याला द्यायचं, चौकशी करत बसायचं नाही. सुहासला हा भाग सगळ्यात आवडला. सणाच्या जेवणातल्या दारूचं त्याने विचारलं, मी एक-दोन घोटांवर विषय मिटवला.

पाच मिनिटं विचार करून तो म्हणाला, “तू ‘सण आहे’ म्हणून रजा मागतेस, म्हणून ते वाद घालतात. शिफ्ट रिपोर्टसारखं लिही.”

लिहिलं. बुधवार : अंधार पडेपर्यंत एस्तेरच्या नावाचा उपास, पावणेसातनंतर पहिलं वाचन, त्यामुळे पाचला निघणार. गुरुवार : सकाळी दुसरं वाचन, त्यानंतर गरजूंना मदत आणि घरोघरी डबे, दुपारी जेवण, सर्व सूर्यास्ताच्या आत. खाली एक ओळ : काम करायला मनाई नाही, पण अकरा ते आठच्या शिफ्टमध्ये यातलं काहीही दुसऱ्या वेळेला ढकलता येत नाही. मॅनेजरांनी शोधून काढलेला मुद्दा मी स्वतःच आधी लिहून टाकला, आणि मला वाटतं, खरा फरक त्यानेच पडला.

तरीही एचआरला ‘पुरावा’ हवाच होता. ज्यूंना महाराष्ट्रात अल्पसंख्याक दर्जा २०१६ साली मिळाला, त्याचा कागद मी मोठ्या तोऱ्यात जोडला होता. त्याचा इथे काही उपयोग नाही. त्यातून रजेचा हक्क मिळत नाही, फाईल मात्र जाड होते. उपयोगी पडलं ते सिनेगॉगच्या सेक्रेटरींचं चार ओळींचं पत्र : इंग्रजी तारीख, हिब्रू तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, सही-शिक्का. ते काका म्हणाले, “आधी का नाही आलीस? हे मी दर वर्षी चार जणांना देतो.” चार जणांना! आणि मी अधिक महिन्यावर निबंध लिहीत बसले होते.

मंगळवारी संध्याकाळी रजा मंजूर झाली. बुधवारी उपाशीपोटी मेट्रोने घाटकोपर, तिथून उभ्याने ठाणे. पहिली प्रार्थना सुरू होताना मी दारात पोचले.

राहिलेलं एक : सहकाऱ्याला वाचन ऐकायला न्यायचं असेल तर आधी कमिटीला विचारा आणि त्याला ओळखपत्र घेऊन यायला सांगा. २००८ च्या हल्ल्यांनंतर मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगांच्या दारावर पोलीस असतात, ऐनवेळी नेलेल्या पाहुण्याला आत सोडत नाहीत. सुहास २०२३ मध्ये आला होता, तेव्हा पुरीमचा दिवस नेमका धुळवडीच्या सुट्टीवर आल्याने रजेचा प्रश्नच नव्हता. खुळखुळा त्याने कुणाच्या तरी मुलाकडून मागून घेतला आणि परत द्यायला विसरला.

पुढचा पेच २०२७ मध्ये दिसतोय. धुळवड सोमवारी २२ मार्चला, पुरीम मंगळवारी २३ ला. शनिवारपासून धरलं तर पुन्हा चार दिवस सलग. पत्र मी जानेवारीतच मागून ठेवणार आहे.