बी.कॉम.नंतर एमसीए: गणित कुठल्या गुणपत्रिकेत आहे?

“सर, माझं बी.कॉम. झालंय, बारावीलाही कॉमर्सच होतं. आता एमसीए करायचं मनात आहे. सायन्स नाही म्हणून मला घेणार नाहीत का?”

सायन्स नाही, एवढ्या कारणाने कोणी नाकारणार नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, एमसीएच्या पात्रतेत बी.एस्सी.च्या शेजारी बी.कॉम. आणि बी.ए. ही नावेही स्पष्ट लिहिलेली आहेत. अडते ते गणितावर: बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय असलाच पाहिजे, अशी एआयसीटीईची अट पूर्वी होती; आता तिथे गणित “शक्यतो असावे” एवढेच म्हटले आहे, पण विद्यापीठ ते सक्तीचे करू शकते. पदवीला मात्र किमान 50 टक्के गुण असावेत, राखीव प्रवर्गासाठी 45. त्यामुळे माझ्याकडे कोणी विचारायला आले, की मी शाखा विचारत नाही. बारावीची गुणपत्रिका आणि सहाही सत्रांच्या गुणपत्रिका आणायला सांगतो.

बारावीच्या गुणपत्रिकेत गणित असेल तर प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. अडचण बाकीच्यांची आहे, आणि तिला थोडे आम्हीही जबाबदार आहोत. फोंड्याच्या उच्च माध्यमिकात शिकवत असताना अकरावीच्या प्रवेशावेळी “गणित झेपत नसेल तर दुसरा विषय घे” असा सल्ला आम्हीच देत असू. पाच वर्षांनी त्याची आठवण मुलाला अशी येते.

पेडण्याच्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. पदवीला 58 टक्के, बारावीला गणित नाही, बी.कॉम.च्या एका सत्रात मात्र व्यावसायिक गणिताचा पेपर होता. एका संस्थेत तिने फोनवर चौकशी केली तेव्हा “चालेल” असे उत्तर मिळाले, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत तोच पेपर नामंजूर झाला. एका सत्राचा पेपर म्हणजे “पदवी स्तरावरील गणित” होते की नाही, हे एआयसीटीईच्या वाक्यातून ठरत नाही. प्रवेश देणारे विद्यापीठ आपल्या नियमांनुसार ते ठरवते. शिवाय एआयसीटीईची अट ही किमान अट असल्यामुळे विद्यापीठाची अट तिच्याहून कडक असू शकते. म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतले शब्द पाहावे लागतात: “गणित” एवढेच लिहिले आहे, की “मुख्य विषय म्हणून गणित”, की “गणित किंवा संख्याशास्त्र”.

दुसऱ्या ठिकाणी अर्ज करताना तिने प्रवेश कक्षाला ईमेल पाठवला. त्यात पेपरचे नाव, सत्र, श्रेयांक आणि मिळालेले गुण लिहिले, अभ्यासक्रमाची प्रत जोडली आणि एकच प्रश्न विचारला: हा पेपर पात्रतेसाठी धरला जाईल का? व्याज आणि वार्षिकी यांच्यापलीकडे त्या पेपरात मॅट्रिक्स आणि थोडे कलनही होते, हे अभ्यासक्रमावरूनच दिसत होते. होकार लेखी आला आणि मगच तिने शुल्क भरले.

नकार आला असता, तर एक लांबचा रस्ता उरला असता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला उच्च माध्यमिक स्तराचा एकच विषय घेऊनही परीक्षा देता येते. ही परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होते. पदवीचा निकाल लागल्यावर नोंदणी केली तर ते वर्ष हातचे जाते, म्हणून शंका असेल त्याने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच नाव नोंदवावे. ही वेगळी गुणपत्रिका ग्राह्य धरणार का, हेही आधी लेखी विचारावे लागते.

हल्ली मुले मला यूजीसीचे 2025 चे नियम दाखवतात. त्यांत पदवीचा विषय कोणताही असला तरी ज्या विषयात पुढे शिकायचे त्याची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदव्युत्तर प्रवेशासाठी पात्र धरण्याची तरतूद आहे, हे खरे. पण तेवढ्या भरवशावर अर्ज करू नये, कारण पडताळणीच्या टेबलावर विद्यापीठाची त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच उघडली जाते. प्रवेश परीक्षेला बसू दिले म्हणजे पात्रता मान्य झाली, असेही नाही. आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी होणाऱ्या जॅममध्येसुद्धा परीक्षा देणे आणि एखाद्या अभ्यासक्रमाच्या अटी पूर्ण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रसायनशास्त्रासारख्या प्रयोगशाळेच्या विषयांत तर पदवीला तो विषय असण्याची अट सहसा असतेच.

प्रवेशानंतरची एक गोष्ट बहुतेकजण विचारत नाहीत, ती म्हणजे ब्रिज कोर्स, आधी न शिकलेल्या पायाभूत विषयांचा जादा अभ्यास. बी.कॉम.वाल्यांनी तो विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे करावा, असे एआयसीटीईच्या पात्रतेतच म्हटले आहे. एमसीए 2020-21 पासून तीनऐवजी दोन वर्षांचे झाले, त्यामुळे पूर्वी पहिल्या वर्षात सावकाश होणारी पायाभरणी आता नेहमीच्या विषयांच्या जोडीला करावी लागते. पेडण्याच्या त्या मुलीला पहिल्या सत्रात प्रोग्रामिंगची ओळख आणि डिस्क्रीट गणित हे दोन जादा विषय होते. प्रोग्रामिंग तिला लवकर जमले. डिस्क्रीट गणितात मात्र संच आणि संबंध येईपर्यंत ठीक होते; सिद्धता लिहायची वेळ आली तेव्हा ती दर रविवारी वही घेऊन माझ्याकडे फोंड्याला येऊ लागली.