अहवाल सहा पानांचा, पण चालणार नाही

लेक दहावीला. त्याला डिस्लेक्सिया आहे हे पाचवीतच कळलं होतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, सहा पानांचा अहवाल फाईलमध्ये होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि त्याने सांगितलेलं लिहून घेणारा लेखनिक मिळावा, म्हणून ऑगस्टमध्ये शाळेच्या ऑफिसात फाईल ठेवली. क्लार्कबाईंनी एकही पान न वाचता लेटरहेडवर बोट ठेवलं. "ताई, हे खासगी आहे. सरकारी रुग्णालयाचंच सर्टिफिकेट लागतं."

मग चार वर्षं मला कुणी सांगितलं का नाही? तो राग अजून गेलेला नाही.

सरकारी रुग्णालयात गेलो. मला वाटलं होतं, एका दिवसात कागद हातात पडेल. आधी डोळे, मग कान. नीट न दिसल्यामुळे किंवा ऐकू न आल्यामुळे तर चुका होत नाहीत ना, हे आधी वगळावं लागतं. त्यानंतर बुद्ध्यांक चाचणी, कारण बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन अडतं, हेच तर सिद्ध करायचं असतं. आणि शेवटी वाचन, लेखन, गणित यांची चाचणी. दर टप्प्याची तारीख वेगळी, रांग वेगळी, माझी रजा वेगळी. एकदा बाकावर तीन तास बसून कळलं, आज मॅडम नाहीत. एकदा शाळेचं पत्र नाही म्हणून परत. त्या पत्रासोबत मुलाच्या जुन्या वह्या न्या, फार उपयोग होतो. त्याच्या वहीत 'कमळ'चं 'कळम' झालेलं पाहून डॉक्टर म्हणाल्या, "हेच दाखवायला हवं होतं." आणखी एक, मूल चौदा वर्षांचं झालं की फेरतपासणी लागते, म्हणून लहानपणीचं सरकारी सर्टिफिकेट असलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. आठवीच्या सुट्टीतच सुरुवात करा. आम्हाला कागद मिळाला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

पुढचं त्या मानाने सरळ झालं. शाळेने मुख्याध्यापकांच्या सहीने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवला आणि मंजुरी आली. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या गणिताला चाळीस मिनिटं.

लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, म्हणून नववीतली शेजारची मुलगी तयार केली. तिच्या आईची संमती आधीच घेतली. पण लेकाला बोलून लिहवायची सवय कुठे होती! पहिल्या सरावात त्याने अख्खं उत्तर एका दमात सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "दादा, पूर्णविराम कुठे द्यायचा ते तू सांगायचंस. मी लिहितेय फक्त." पुढे महिनाभर दर रविवारी जुना पेपर, घड्याळ लावून. मार्चमध्ये पहिल्या पेपरहून आला आणि म्हणाला, "आई, आज वीस मिनिटं उरली."