वहिनीचं भाषण कापलं तेव्हा

गोव्यात फोंड्याकडच्या एका कुळागराच्या, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या सुपारीच्या बागेच्या, वाटणीवर मी दोन अंकी नाटक लिहिलं होतं. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत ते झालं, मग दोनचार गावांत देवळाच्या उत्सवातही रंगलं. एका दिग्दर्शक मित्रानं त्याची पटकथा मागितली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, "चांगलंय, फक्त जरा घराबाहेर काढूया." म्हणजे दिवाणखान्यातला संवाद माडांखाली, भांडण पाटाच्या काठी, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं. पण जागा बदलली म्हणून नाटकाचा सिनेमा होत नाही. तीच माणसं तेच बोलत राहतात, फक्त उन्हात उभी राहून.

मी पुस्तक आणि पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे पात्र इथं काही करतंय की काही कळवतंय? धमकावणं, टाळणं, खोटं बोलणं, गोड बोलून सही मागणं, ही सगळी कृत्यंच आहेत, फक्त तोंडानं केलेली. ती राहिली. "बाबा गेले त्या वर्षी पाट फुटला होता", "मुंबईहून मधू आजच आलाय", "वकील म्हणतात, बायकांच्याही सह्या लागतील" हे सगळं कळवणं. नाटकात ते लागतंच, कारण सेट एक आणि बाकी जग विंगेत. शिवाय उत्सवाच्या नाटकाला मागच्या रांगेत माणसं उशिरापर्यंत येऊन बसत असतात, म्हणून महत्त्वाची गोष्ट तीनदा तरी कानावर घालावी लागते. पडद्यावर एकदा दिसली की पुरते.

कायद्याचंच बघा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं नवराबायकोची मिळकत सहसा सामाईक धरतात. त्यामुळे भावाभावांनी जमीन विकायची ठरवली तरी त्यांच्या बायकांच्या संमतीशिवाय व्यवहार पुरा होत नाही. नाटकात हे समजवायला एक वकीलमामा होते. लोक हसायचे त्यांना, मलाही आवडायचे. पटकथेत ते गेले. दस्ताच्या शेवटच्या पानावर चार नावं आणि प्रत्येकापुढं पेन्सिलीची फुली. कारकुनाचं बोट एकेका फुलीवर थांबतं आणि चौथ्या फुलीशी वहिनीचं नाव असतं. गोव्याबाहेरच्या प्रेक्षकालाही तेवढ्यानं कळतं की हिच्यावाचून काम अडणार.

खरी अडचण वहिनीच्या भाषणाची होती. दुसऱ्या अंकात ती सही नाकारते तेव्हा दोन पानं बोलते: लग्न होऊन आली तेव्हापासून सुपारी वेचली, सोलली, पाट साफ केले, आणि श्रेय घेतलं अण्णांनी. स्पर्धेत त्यावर टाळ्या पडल्या होत्या. दिग्दर्शकाला फ्लॅशबॅक सुचला. तरुण वहिनी, पाऊस, चिखल. त्याच न्यायानं पहिल्या अंकातल्या अण्णांच्या "हे कुळागर मी माझ्या हातांनी उभं केलं" या फुशारकीलाही फ्लॅशबॅक, अण्णा पुरात पाट अडवतायत असा.

याला मी शेवटपर्यंत नाही म्हटलं. पात्र बोलतं तेव्हा प्रेक्षक त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते स्वतः ठरवतो. कॅमेऱ्यानं दाखवलं की ते घडलेलं असतं. अण्णा खोटं बोलतायत आणि मी त्यांचा पूर दाखवला, तर त्यांच्या खोट्याला मीच साक्षीदार झालो. म्हणून अण्णांचं भाषण जवळजवळ तसंच ठेवलं, फक्त चित्र बदललं. ओसरीवर अण्णा पाहुण्यांना सांगतायत. त्यांचा आवाज चालूच, आणि पडद्यावर खळ्यात वहिनी, आभाळ भरून आलंय म्हणून वाळत घातलेली सुपारी घाईघाईनं गोळा करतेय. तिला मदतीला कोणी उठत नाही. ऐकणाऱ्याचा किंवा न ऐकणाऱ्याचा चेहरा एवढ्या जवळून दाखवायची सोय रंगमंचावर नसते.

आता भाषणाच्या जागी काय? भाषणात माहिती एकच होती: हात कोणाचे झिजले. मग हातच दाखवायचे. दस्त नोंदवताना सब-रजिस्ट्रारकडे फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात. वर्षानुवर्षं अंगमेहनत केलेल्या माणसांचे ठसे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, हे रेशनच्या दुकानातही दिसतं. पटकथेतला तो भाग असा झाला:

आंतर. सब-रजिस्ट्रार कचेरी. दिवस.

मधू अंगठा टेकवतो. हिरवा दिवा. अण्णा टेकवतात. लगेच हिरवा दिवा. वहिनी अंगठा टेकवते. लाल.

कारकून: बाई, हात पुसा.

वहिनी पदराला अंगठा पुसते. पुन्हा टेकवते. लाल. कारकून तिचा अंगठा धरून उजेडात बघतो. मग अण्णांच्या हाताकडे बघतो. अण्णा हात खिशात घालतात.

इथं अण्णांचं पहिल्या भागातलं भाषण उपयोगी पडतं. ते कापलं असतं तर अण्णांच्या अंगठ्याला लागलेला हिरवा दिवा नुसताच हिरवा दिवा राहिला असता.

लिहिताना एक पथ्य पाळावं लागतं. "वहिनीला इतकी वर्षं आठवतात" असं पटकथेत लिहून चालत नाही, कारण ते कोणी शूट करू शकत नाही. अशी वाक्यं कृतीच्या ओळींत लपून येतात, आणि ती ओळखायची युक्ती म्हणजे कॅमेरामनला मोठ्यानं वाचून दाखवणं. तो "म्हणजे मी काय घेऊ?" असं विचारतो तिथं खोडायचं. लांबीचाही हिशेब वेगळा. एक पान म्हणजे एक मिनिट हे गणित इंग्रजी टाइपरायटरच्या अक्षरांवर बसवलेलं आहे, देवनागरी फाँट बदलला की ते बिघडतं. म्हणून मी प्रत्येक प्रसंग, शांत जागांसकट, घड्याळ लावून वाचला. ठशाचा प्रसंग कागदावर पाऊण पान दिसतो, पण पडद्यावर दोन मिनिटं सहज खाईल.

नाटकात वहिनी करणारी अभिनेत्रीच सिनेमात आहे. दोन पानांचं भाषण गेलं म्हटल्यावर ती नाराज होणारच. पण वाचून झाल्यावर तिची तक्रार भलतीच निघाली. म्हणाली, "भाषणात मी नाही म्हणत होते. इथं यंत्र नाही म्हणतंय. मी काय केलं?" मुद्दा बिनतोड होता. ठसा न उमटणं हा अपघात, तिचा नकार नव्हे.

तोडगाही तिनंच सांगितला. कारकून तिसऱ्यांदा यंत्र पुढं करतो, या खेपेला ठसा लागेलसं वाटतंय, आणि आता ती मुद्दामच अंगठा नीट दाबत नाही. मी "मुद्दाम" लिहायला गेलो आणि थांबलो, ते दिसणार कसं? शेवटी असं लिहिलं: "कारकून तिचा अंगठा यंत्रावर दाबून धरतो. दिवा हिरवा होऊ लागतो. वहिनी अण्णांकडे बघते. अंगठा काढून घेते." संवाद शून्य. तिनं ओळ वाचली आणि विचारलं, अण्णांकडे बघताना पदर हातात ठेवू का सोडू. ते मी दिग्दर्शकावर सोडलं.