'क्षमस्व' काढल्यावर उरलेली जाहिरात

एका जाहिरातीतून 'क्षमस्व' हा एक शब्द काढायला मला पावणेदोन तास लागले होते. त्याला आता चार महिने झाले. घर भाड्याने गेलं, करार नोंदला गेला, दलालीही मिळाली. तरी त्या दिवसाची डायरी मी अजून कपाटात ठेवलेली नाही.

पुण्यात घरं भाड्याने लावून देण्याचं काम मी चौदा वर्षं करते आहे. कर्वेनगरमधल्या एका जुन्या सोसायटीतून काकांचा फोन आला. बँकेतून निवृत्त, पहिल्या मजल्यावर स्वतः राहतात, त्यांच्या बरोबर डोक्यावरचा दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. गेले तेव्हा त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता, सुंदर वळणदार अक्षरात: 'दोन बेडरूम. फक्त कुटुंबासाठी. ब्राह्मण, शुद्ध शाकाहारी यांना प्राधान्य. बॅचलर, एकट्या महिला व परधर्मीय क्षमस्व.'

'क्षमस्व' बघून हसू आलं. दार तोंडावर लावायचं, पण मंजूळ आवाजात. आम्ही पुणेकर त्यात तरबेज.

असा मजकूर आला की मी एकच प्रश्न विचारते, "काका, ही ओळ करारात कलम म्हणून कशी घालू?" कराराच्या कलमात भाडेकरूने काय करायचं, काय नाही आणि चुकलं तर काय होणार, हे लिहावं लागतं. 'रात्री दहानंतर जड सामान सरकवायचं नाही' हे लिहिता येतं, मोडलं तर दाखवता येतं. 'ब्राह्मण असावा' हे कसं मोडणार? मंगळवारी होता, बुधवारी राहिला नाही, असं काही होत नाही. जी अट करारात बसत नाही ती जाहिरातीतही नको, हा माझा ठोकताळा. वकिलाचा नाही, माझाच.

काकांनी लगेच विचारलं, "माझं घर आहे. मी कोणाला ठेवायचं ते ठरवायला कायदा आड येतो का?" मी खोटं बोलले नाही. संविधानाचं कलम 15 मुख्यतः सरकारला बांधतं. खाजगी घरमालकाने भाडेकरूचा धर्म बघू नये, असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. जातीचं मात्र तसं नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेत राहू न देणं हा गुन्हा आहे. तेव्हा जातीची ओळ माझ्या फोन नंबरच्या वर मी छापणार नाही, म्हटलं. काका थोडे वरमले. "प्राधान्य लिहिलंय हो फक्त," म्हणाले. मग सोसायटीवर ढकलून पाहिलं, की बॅचलर नकोत असा सेक्रेटरींचा आग्रह आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत सभासदाने भाडेकरू ठेवताना आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, असं आहे. त्यात भाडेकरूचं लग्न कुठेच येत नाही. पण बऱ्याच सेक्रेटरींनी उपविधी उघडून पाहिलेले नसतात. लेटरहेड मात्र हाताशी असतं.

मग मी एकेक ओळ घेऊन बसले. या कामात मला मजा येते. कारण प्रत्येक 'क्षमस्व'च्या मागे एखादी खरी कटकट असते, आणि ती खणून काढावी लागते.

'बॅचलर नको' का? मागे चार विद्यार्थी होते, रात्री एक वाजता खुर्च्या सरकवायचे आणि त्यांच्याकडे आणखी तिघं येऊन राहायचे. म्हणजे तक्रार आवाजाची आणि माणसांच्या संख्येची. खुर्च्या लग्न झालेलेही सरकवतात. म्हणून लिहिलं: 'राहणारे जास्तीत जास्त चौघे, सगळ्यांची नावे करारात. पाहुणा आठवड्याहून अधिक राहणार असल्यास कळवावे. घरमालक खालीच राहतात, रात्री दहानंतर शांतता हवी.' 'एकट्या महिला' का, तर काकूंना येणाऱ्याजाणाऱ्यांची काळजी. तिला पाहुण्यांचीच ओळ पुरली, फक्त ती सगळ्यांना सारखी लागू. 'भाडं थकवतात' याला तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा किंवा बँकेचा उतारा.

'फक्त कुटुंब' काढताना सर्वांत जास्त वेळ गेला. आमच्या धंद्यात 'फॅमिली' म्हणजे नवरा, बायको आणि झालीच तर मुलं. दोन बहिणी, आई आणि मुलगा, घटस्फोट झालेली बाई आणि तिची लेक, यातलं काहीच त्यात बसत नाही. घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर तर 'कुटुंब, बॅचलर, कंपनी' असे रकानेच पाडलेले असतात. जाहिरात टाकणाऱ्याच्या मनात नसलं तरी फॉर्म त्याला निवड करायला लावतो. मी कोणीही चालेल यावर खूण करते.

शाकाहारावर मात्र अडलो. घरमालकाच्याच घरात एक खोली असेल आणि स्वयंपाकघर एकच, तर 'या घरात मांसाहार शिजत नाही' हे मी स्वतः लिहून देते. ते घराचं वर्णन आहे, येणाऱ्याला आधी कळलेलं बरं. वेगळ्या दाराच्या, वेगळ्या ओट्याच्या फ्लॅटला 'शुद्ध शाकाहारी' लावलं की ते बहुतेक वेळा जेवणाबद्दल नसतं. आडनाव गाळायची ती चाळणी असते, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. काका म्हणाले, डक्टमधून वास खाली येतो. मी विचारलं, "मागची मुलं मांसाहारी होती?"

"छे, चौघंही शाकाहारी. पण रोज भजी तळायची हो!"

काकूंना स्वयंपाकघरात हसू फुटलं आणि माझं अर्धं काम झालं. लिहिलं: 'स्वयंपाकघरात चिमणी बसवली आहे, ती वापरावी. घर सोडताना ओटा, फरशा व चिमणी साफ करून द्यावी, अन्यथा खर्च अनामतीतून वळता होईल.' चिमणी काकांनी बसवायची होती. बसवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

शेवटी जाहिरातीत भाडं 24,000, अनामत 75,000, मुदत 24 महिने, लिफ्ट नाही, एका दुचाकीची जागा आणि वरच्या अटी राहिल्या. लिफ्ट नाही हे मी नेहमी वर लिहिते. ज्यांना जिना जमत नाही त्यांचे हेलपाटे वाचतात. शिवाय काकांशी तोंडी ठरवलं की फोन येतील त्या क्रमाने माणसं आणायची, अटींत बसणारा पहिला त्याला घर. आडनाव मी आधी सांगणार नाही, तुम्ही विचारायचं नाही. काका "बरं" म्हणाले. हे मी तोंडी ठरवलं. चौदा वर्षांचा अनुभव आणि तोंडी!

डायरीत पहिला नंबर एका तरुण जोडप्याचा. दोघंही नोकरीत, स्लिपा त्याच संध्याकाळी पाठवल्या, दुचाकी एकच, चोवीस महिने हवेतच. अटींत असं चपखल बसणारं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं. दुसरा नंबर एका बाईंचा, नऊ वर्षांची मुलगी, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. त्या फोनवर म्हणाल्या, "फॅमिली लिहिलेलं नव्हतं, म्हणून फोन करायचा धीर झाला." खरं सांगते, ते वाक्य ऐकून मी दिवसभर खुशीत होते.

शनिवारी अकराला पहिलं जोडपं आलं. सोसायटीच्या गेटवर अ‍ॅप आहे. वॉचमन पाहुण्याचं नाव टाईप करतो आणि ते घरमालकाच्या फोनवर उमटतं. याचा मी विचारच केला नव्हता. माणसाने पूर्ण नाव सांगितलं, इम्रान आणि पुढे आडनाव. आम्ही गेट ओलांडून जिन्यापर्यंत पोचलो नसू तोच माझा फोन वाजला. "मॅडम, आज नको हो. गुडघा फार दुखतोय." किल्ली माझ्या पर्समध्ये होती. घर दाखवायला काकांच्या गुडघ्याची काहीच गरज नव्हती. मी जोडप्याला वर नेलं, घर दाखवलं, त्यांना आवडलं. सोमवारी काका म्हणाले विचार करतो, मंगळवारी म्हणाले मुलगा अमेरिकेहून येतोय, कदाचित द्यायचंच नाही.

गुरुवारी त्यांनीच विचारलं, "त्या मुलीवाल्या बाई होत्या ना?" बाई आल्या. गुडघा बरा होता. काकूंनी चहा केला, बोलताबोलता माहेर निघालं, गाव निघालं, काकूंची लांबची ओळखही निघाली. नवरा कुठे असतो हे कोणी विचारलं नाही. रविवारी घरीच लॅपटॉपवर करार झाला, दोघांचे अंगठे आणि फोटो घेतले. जिला 'एकट्या महिला क्षमस्व' म्हणून काढून टाकलं असतं तिला घर मिळालं. माझ्या जाहिरातीने हे केलं. आणि त्याच जाहिरातीने पहिल्या नंबरला शनिवारी सकाळी तिथपर्यंत आणून परत पाठवलं.

माझ्या ओळखीचा एकजण कोथरूडला हाच धंदा करतो. तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा ते क्षमस्ववाले प्रामाणिक. निदान माणसाची सुट्टी तरी खात नाहीत." माझ्याकडे उत्तर होतं, की छापलेली ओळ पुढच्या दहा घरमालकांना ती छापायला शिकवते. ते मी दिलंही. पण त्या तरुणाचा मेसेज मला आधीच आला होता. 'जाहिरातीत तसं काही नव्हतं, म्हणून आलो होतो. कळवलं असतं तर बरं झालं असतं.' यात राग असता तर मी उत्तर लिहिलं असतं. मुलगा अमेरिकेहून येतोय, हे काकांचं वाक्य मीच त्याला पुढे पाठवलं होतं. खोटं आहे हे माहीत असून.

दुसरा नंबर घेऊन करार करायला मी नाही म्हणू शकले असते. पण मग त्या बाईंना नाही म्हणावं लागलं असतं. आणि 24,000 ची दलालीही गेली असती, ते कशाला लपवू?

आता घर हातात घेण्याआधी मी अटींचा कागद करते. कोणत्या अटी, कोणत्या क्रमाने माणसं, आणि अटींत बसणाऱ्याला नाकारलं तर कारण घरमालकाने स्वतः सांगायचं, माझ्या तोंडून नाही. खाली सही. दोन घरमालक तो कागद बघून परत फिरले, एकाने केली. गेटच्या अ‍ॅपवर 'एजंटसोबत पाहुणे' एवढंच टाकायला वॉचमनला सांगते. काही वॉचमन ऐकतात.

परवा काकांचा फोन आला. त्यांच्या बँकेतल्या मित्राचा सहकारनगरला फ्लॅट रिकामा झालाय. "तुम्ही जाहिरात फार छान लिहिता, असं मी त्याला सांगितलंय," म्हणाले. मी कागदाचं सांगायला लागले, तर मध्येच हसून म्हणाले, "हो हो, लिहा तुम्हाला हवं तसं. बाकीचं फोनवर बोलू."