क्रिएटिनचं पाणी आणि दुधाचं वजन

“वय २२, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ५४ किलो. शाकाहारी आहे, मेसमध्ये जेवतो. क्रिएटिन घेतलं तर वजन वाढेल का, आणि महिन्याला किती वाढेल?”

काटा लगेच हलेल. मात्र पहिल्या तीन-चार आठवड्यांत तो क्रिएटिनने किती हलला आणि जेवणाने किती, हे वेगळं काढता आलं नाही तर पुढचे दोन महिने वाया जातात. बारीक मुलांचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

क्रिएटिन आपल्या शरीरात मुळात असतंच. स्नायूंमध्ये त्याचा साठा असतो आणि जोराच्या कामाच्या पहिल्या काही सेकंदांत तोच साठा ऊर्जा पुरवतो. साठा भरलेला असला की जिथे सात रेप्सना दम संपायचा तिथे आठवी निघते. महिनोनमहिने अशी एकेक जादा रेप साचत गेली की स्नायूला वाढायला कारण मिळतं. क्रिएटिन मुख्यतः मांस-माशांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाचा साठा सहसा कमी भरलेला असतो आणि त्याला फरक जास्त जाणवू शकतो. पण ५ ग्रॅम पावडरीत वाढीसाठी लागणारं अन्न नसतं. हा साठा स्नायूत जाताना पाणी सोबत घेऊन जातो, आणि सुरुवातीला काट्यावर दिसणारा अर्धा ते दीड किलो प्रामुख्याने त्या पाण्याचा असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला मांस समजू नका.

घ्यायचं कसं, ते सोपं आहे. डब्यावर क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढंच लिहिलेलं साधं उत्पादन घ्या. महागड्या नावांचे इतर प्रकार याहून सरस ठरलेले नाहीत. रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायाम असो वा सुट्टी. वेळ कोणतीही चालते, म्हणून जी विसरणार नाही ती ठरवा. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घेण्याची पद्धत आहे. तिने साठा आठवड्याभरात भरतो, पण अनेकांचं पोट बिघडतं, आणि रोजच्या ३ ग्रॅमनेही तो साधारण चार आठवड्यांत तितकाच भरतो. चार आठवडे थांबा. पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी वाळूसारखी बसते आणि निम्मा डोस बेसिनमध्ये जातो. कोमट पाण्यात ढवळा, तळ दिसला की पुन्हा थोडं पाणी घालून तेही प्या.

आता जेवण, कारण खरं वजन तिथून येतं. तुमचं वजन कित्येक महिने ५४ वर थांबलेलं असेल, तर आज जेवढं खाताय तेवढंच शरीर खर्च करतंय. तुमच्या वयाला, उंचीला आणि कॉलेजच्या धावपळीला हा आकडा अंदाजे २३०० कॅलरींच्या आसपास येतो. त्याच्या काटेकोर हिशेबात शिरू नका. आहे ते जेवण तसंच ठेवा आणि वर रोज ४०० ते ५०० कॅलरी घाला. मेसच्या ताटात दोन पोळ्या जास्त घ्यायच्या असं ठरवलं तर आठवडाभरात कंटाळा येतो, कारण बारीक माणसाचं पोट लवकर भरतं. पिता येईल अशी भर टिकते. ३०० मिलिलिटर फुल क्रीम दूध, त्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, एक केळं. हे पावणेपाचशेच्या जवळ जातं आणि पाच मिनिटांत संपतं. रात्रीच्या जेवणानंतर घेतलं तर जेवणाची भूकही मरत नाही.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला ८५ ग्रॅमच्या आसपास. वरण, उसळ, पोळी आणि वाटीभर दही मिळून मेसमधून साधारण ५० मिळतात, दूध आणि कूट १५ देतात. उरलेल्या वीससाठी संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं काढा आणि त्या जागी ४० ग्रॅम सोया चंक्स खा. किटलीतल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, घट्ट पिळून ते पाणी टाकून द्या, मग लिंबू, मीठ, तिखट. पिळलं नाही तर उग्र वास राहतो आणि तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात जाऊन बसतं. मास गेनरच्या मोठ्या डब्यात बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली स्वस्त पावडर, सर्वांत जास्त असते. त्या पैशात महिनोनमहिने दूध येतं.

पाणी आणि वजन वेगळं ओळखण्यासाठी क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे फक्त दूध-सोया आणि व्यायाम, तिसऱ्या आठवड्यापासून क्रिएटिन. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा मिठानं, उशिरा जेवल्यानं किलोभर इकडे-तिकडे होतो.

समजा तुमच्या सरासऱ्या अशा आल्या: सुरुवातीला ५४.०, दोन आठवड्यांनी ५४.३, क्रिएटिन सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात ५५.१, सहाव्यात ५५.३, सातव्यात ५५.३, आठव्यात ५५.२. वही पाहून वाटेल की सव्वा किलो कमावला. पण उडी क्रिएटिनच्या पहिल्या दोन आठवड्यांत आहे आणि नंतर रेघ सपाट झाली आहे. म्हणजे पाणी भरलं आणि जेवणाची भर कुठेतरी गळतेय. अशा वेळी क्रिएटिन दुप्पट करू नका, भरलेल्या साठ्यात आणखी काही मावत नाही. गळती शोधा. रविवारी मेस एक वेळ बंद असते आणि वडापाववर भागतं, गावी गेलं की दूध राहतं, सकाळी लेक्चर असलं की नाश्ता बुडतो. आठवड्यात दोन वेळचं जेवण चुकलं तर १२०० ते १४०० कॅलरी गेल्या, म्हणजे आठवड्याभराच्या भरीतली जवळजवळ निम्मी. एकही जेवण चुकत नसेल आणि तरी रेघ सपाट असेल, तर आणखी २०० ते २५० कॅलरी वाढवा. दोन पोळ्यांवर तीन-तीन छोटे चमचे तूप एवढ्यातही ते होतं.

पाणी भरून झाल्यावर आठवड्याला २०० ते ३०० ग्रॅम ही तुमच्यासाठी चांगली चाल. महिन्याला किलोभर, वर्षभर टिकवलं तर दहा-बारा किलो, आणि त्यात थोडी चरबी येणारच. आठवड्याला अर्ध्या किलोपुढे जात असेल तर जादा भाग पोटावर बसतो. कंबर महिन्यातून एकदा बेंबीपाशी मोजा आणि स्क्वॅट, बेंच, रो यांचे आकडे वहीत लिहा. वजन वाढतंय, कंबर वाढतेय आणि बारवरचं वजन तिथेच आहे, तर कमतरता व्यायामात आहे. आठवड्यातून तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम पुरतो.

क्रिएटिन बंद केलं की चार-सहा आठवड्यांत साठा पूर्ववत होतो आणि ते पाणी उतरतं. तेव्हा काटा किलोभर खाली आला तर घाबरून खाणं बदलू नका. रक्ततपासणीत क्रिएटिनीन थोडं वाढलेलं दिसू शकतं, कारण क्रिएटिनचंच ते होतं, म्हणून डॉक्टरांना पावडर घेताय हे आधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. आणि वजन ५४ वर थांबलेलं नसून गेल्या काही महिन्यांत आपोआप घटत आलं असेल, खोकला किंवा बारीक ताप असेल, सारखी तहान लागत असेल, तर क्रिएटिनआधी थायरॉइड, साखर आणि टीबीची तपासणी करून घ्या.